हलक्या हाताचे ओमप्रकाश काका

आमच्या गल्लीत दोनच प्रकारची माणसं होती. ओमप्रकाश काकांकडून सुई घेतलेली आणि अजून घ्यायची राहिलेली. दुसऱ्या प्रकारात बहुतेक पाळण्यातली पोरं असायची, आणि त्यांचीही फार दिवस सुटका नसायची.

ओमप्रकाश सोनकुसरे हे लकडगंजातल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. छत्तीस वर्षं. एवढ्या काळात दवाखान्याचे डॉक्टर बदलले, म्हणजे वडील गेले आणि मुलगा बसू लागला, पण काका तेच. पांढरा हाफ शर्ट, खिशात थर्मामीटर, आणि अंगाला स्पिरिटचा वास. हा वास रविवारीसुद्धा जायचा नाही. संध्याकाळी ते महाल भागातल्या आमच्या गल्लीत घरी आले की ओट्यावर चपला काढायच्या आतच कोणीतरी हजर असायचं. कोणाची धनुर्वाताची टीटी, कोणाची ताकदीची सुई, कोणाच्या सासऱ्याचं इन्शुलिन. काका चहा बाजूला ठेवायचे आणि उठायचे. पैसे घेत नसत. पुष्पलता काकू तेवढ्या पुटपुटत, की दवाखाना लकडगंजात आहे का आपल्या घरात, तेच मले समजत नाही.

त्यांची कीर्ती होती ती हाताची. हलका हात. मोठ्यांना तर कळायचं नाहीच, पण लहान पोरांसाठी त्यांची एक युक्ती होती. पोराला पालथं पाडायचं, कापसानं कमरेखाली गार पुसायचं आणि विचारायचं, "सांग गा, तुह्या शाळेले खिडक्या किती?" पोरगं मनातल्या मनात खिडक्या मोजायला लागायचं. एक, दोन. तीनपर्यंत पोचायच्या आत सुई आत जाऊन बाहेर आलेली असायची आणि काका पोराच्या हातात गोळी ठेवत असायचे. खिडक्या कधीच पूर्ण मोजून झाल्या नाहीत. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं आपल्या शाळेला दोनच खिडक्या आहेत असं समजत मोठी झाली.

मी लग्न होऊन या गल्लीत आले तेव्हा पहिल्या महिन्यातच मला त्यांच्या हवाली करण्यात आलं. पायात खिळा गेला होता. मी शाळेत भूगोल शिकवते, त्यामुळे चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि घरी आल्यावरही तो बंद होत नाही. मी काकांना विचारलं, सुई नवीन आहे का, हात धुतले का, ही बाटली कधीपर्यंत चालते. त्यांनी सगळी उत्तरं दिली, आणि मी चौथा प्रश्न शोधत होते तेवढ्यात म्हणाले, झालं. मला खरंच कळलं नव्हतं. पुढे माझी मुलगी उन्नती पोटात असताना दोन्ही टीटी मी त्यांच्याकडूनच घेतल्या.

उन्नती सहा वर्षांची असताना पहिल्यांदा तो प्रकार झाला. एका लग्नात तिनं काजूची भाजी खाल्ली आणि घरी येईपर्यंत तिच्या अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले आणि ती खोकायला लागली. त्या वेळी नशिबानं थोडक्यात निभावलं. तपासण्या झाल्या. धंतोलीतल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की हिला काजूची जोरदार अ‍ॅलर्जी आहे, पुढच्या वेळी यापेक्षा वाईट होऊ शकतं, आणि घरात अ‍ॅड्रेनालिनचं पेन हवं. ते पेन तेव्हा आपल्याकडे दुकानात सहज मिळत नव्हतं. माझी नणंद हिमानी लंडनला असते. तिनं तिथल्या डॉक्टरांना इकडचे कागद दाखवून दोन पेनं आणली, आणि बरोबर एक सरावाचं, बिनसुईचं.

बाईंनी मला समोर बसवून शिकवलं. पेन मुठीत धरायचं, अंगठा टोकावर ठेवायचा नाही. पिवळं टोपण ओढून काढायचं. काळं टोक मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कंबर आणि गुडघा यांच्या बरोबर मध्ये टेकवायचं. कपडे काढत बसायचं नाही, सलवारीवरून चालतं, जीन्सवरून चालतं, फक्त खिशात काही नको. टक्‌ असा आवाज येईपर्यंत जोरात दाबायचं, आणि मग काढायचं नाही. दाबून धरायचं. काही पेनांना तीन अंक पुरतात, आमच्यावर दहा लिहिलं होतं. सावकाश दहा. मग सरळ बाहेर. मी विचारलं, कमरेखाली का नाही, आमच्याकडे तर सगळ्या सुया तिथेच देतात. बाई म्हणाल्या, तिथे चरबी जास्त, औषध रेंगाळतं. मांडीच्या स्नायूतून ते लवकर रक्तात जातं, आणि इथे सगळा खेळ लवकरचाच आहे.

पुढचंही सांगितलं. पेन दिलं की काम संपलं असं नाही, काम सुरू झालं. लगेच एकशे आठला फोन. मुलीला आडवं ठेवायचं, पाय उंच. दम लागत असेल तर पाय लांब करून बसवायचं, उलटी होत असेल तर कुशीवर. पण उभं करायचं नाही, एक पाऊलही चालवायचं नाही, बरं वाटतंय म्हणाली तरी. पाच मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरं पेन. आणि पूर्ण बरी दिसली तरी हॉस्पिटलमध्ये काही तास, कारण गेलेलं दुखणं परत फिरून येऊ शकतं.

मी घरी येऊन हे सगळं सुवाच्य अक्षरात कार्डशीटवर लिहिलं, महत्त्वाच्या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि फ्रिजच्या दारावर चिकटवलं. पियूषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सरावाच्या पेनानं तीनदा परीक्षा द्यायला लावली. तो पहिल्या दोन वेळा नापास झाला. मी स्वतः कितीतरी वेळा स्वतःच्या मांडीवर ते पेन दाबून दहा मोजले होते. सांगायचं एवढंच की मला येत होतं. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना ही गोष्ट कोणी विसरू नये.

उन्नती नऊ वर्षांची होती. रविवार होता, दुपारचे बारा वाजून गेले होते. पियूष एका नातेवाइकाच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, रामटेकला गेला होता. समोरच्या दिपालीकडे मुलाचा वाढदिवस होऊन गेला होता, आणि उरलेली संत्रा बर्फी तिनं गल्लीतल्या पोरांना वाटली. संत्रा बर्फीत काजू कशाला असेल, असं तिला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं असतं. पण हलवायानं घट्टपणासाठी काजूची पूड घातली होती. उन्नतीनं अर्धा तुकडा खाल्ला.

ती घरात आली तेव्हा ओठ चोळत होती. म्हणाली, आई, जीभ खाजते. मी तिचा फ्रॉक वर केला तर पोटावर लाल गांधी उठत होत्या. मग तिला उलटी झाली. मग आवाज बसला, आणि श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी ऐकू यायला लागली. मी तिला पलंगावर पाय लांब करून बसवलं आणि पेनांचा डबा काढला. डबा स्वयंपाकघरातल्या खिळ्यालाच टांगलेला होता, शोधावा लागला नाही. इथपर्यंत माझे पूर्ण गुण.

दिपाली माझ्या मागोमाग आली होती. तिनं उन्नतीकडे पाहिलं, खाजेचं औषध देऊ का विचारलं, मी नाही म्हटलं, ते श्वासाला उपयोगाचं नाही. तेवढ्यात तिनं माझ्या हातातलं पेन पाहिलं आणि गल्लीच्या रीतीप्रमाणे तिला एकच गोष्ट सुचली. सुई आहे म्हणजे काका. ती धावतच गेली. काका रविवारचे घरीच होते, बनियनवर शर्ट चढवत आले.

मी पलंगाशी उभी होते. पेन मुठीत होतं, अंगठा बरोबर जागी होता. आणि माझा हात इतका थरथरत होता की पेनाचं काळं टोक मला दोन दिसत होतं. सरावाच्या पेनाला सुई नसते. ह्याला होती, आणि समोर माझी पोर होती. मी त्या वेळी नेमका काय विचार केला हे मी कितीदा आठवायचा प्रयत्न केला आहे. मला फक्त एवढं आठवतं की काकांच्या अंगाचा स्पिरिटचा वास आला आणि मला हायसं वाटलं. सुटले, असं वाटलं.

मी पेन त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. असलं काही त्यांनी छत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मला विचारलं, "मयुरा, याचं कसं आहे वं?"

मी म्हटलं, "काका, तुमाले कळते. तुमीच द्या."

फ्रिज माझ्यापासून चार पावलांवर होता. त्यावर माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. मांडी, दहा, खाली लाल रेघ. ते वाचून दाखवायला पाच सेकंद पुरले असते. वर्गात एखाद्या पोरानं गोदावरीचा उगम चुकीचा सांगितला तर मी त्याला वाक्य पुरं करू देत नाही, आणि इथे माझ्या तोंडातून "मांडीत" एवढा एक शब्द निघाला नाही.

मग काकांनी जे केलं ते त्यांनी आयुष्यभर केलं होतं, तेच. कापूस मागितला. दिपालीनं कापूस आणला. त्यांनी उन्नतीला पालथं केलं, फ्रॉक सारला, कमरेखाली गार पुसलं. टोपण काढलं. आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "सांग वं बाई, तुह्या शाळेले खिडक्या किती?" उन्नतीला बोलवत नव्हतं. टक्‌ झालं आणि त्याच क्षणी त्यांचा हात मागे आला. हलका हात. औषध काही आत गेलं असेल, पण बरंचसं चादरीवर ओघळलेलं मला दिसलं. काका कापसानं चोळत होते आणि मी त्या ओल्या डागाकडे बघत होते. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

त्यानंतरची पाच मिनिटं मी कोणाला सांगत नाही. मी एकशे आठला फोन लावला, पत्ता सांगितला, काजू, श्वास, नऊ वर्षांची मुलगी, हे सांगितलं. गाडी निघाली म्हणाले. उन्नतीला परत पाय लांब करून टेकवून बसवलं होतं. तिचे ओठ निळसर होत होते आणि मान एका बाजूला जायला लागली होती. दिपाली म्हणाली, माझ्या अ‍ॅक्टिव्हावर मधे बसवून नेऊ, इथून मेडिकल हॉस्पिटल किती लांब आहे. मी ओरडले की तिला कोणी उभं करायचं नाही. तेवढं एक मला वेळेवर आठवलं.

घड्याळात बारा बावीस झाले तेव्हा डब्यातलं दुसरं पेन मी काढलं. ह्या वेळी हात थरथरला नाही, कारण द्यायला दुसरा हातच उरला नव्हता. उन्नतीला पलंगावर आडवं केलं, फ्रॉकवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, काळं टोक टेकवलं आणि दाबलं. टक्‌ झालं. मी दाबून धरलं आणि मोठ्यानं मोजायला लागले. एक. दोन. तीन. तिसऱ्या अंकाला काकांनी वर पाहिलं. त्यांची नजर आधी माझ्या हातावर गेली, मग तिच्या मांडीवर, मग जमिनीवर पडलेल्या पहिल्या पेनावर. मी सात म्हणेपर्यंत त्यांना सगळं कळलं होतं. त्यांचा चेहरा मी पाहिला आणि तरी मोजत राहिले, दहापर्यंत.

दोन-तीन मिनिटांत शिट्टी कमी झाली. ओठांचा रंग परतला. उन्नती म्हणाली, आई, माझं हृदय पळतंय. त्या औषधानं तसं होतंच, बाईंनी सांगितलं होतं. मी तिच्या पायांखाली दोन उशा सरकवल्या आणि तिथेच जमिनीवर बसले.

गाडी गल्लीत शिरणं शक्यच नव्हतं. उन्नती म्हणाली, मी चालते, मला बरं वाटतंय. मी नाही म्हणायच्या आधीच काकांनी नाही म्हटलं. त्यांनी आपल्या घरून फोल्डिंगचा पलंग आणला, तिला आडवीच त्यावर उचलून ठेवली आणि एका बाजूनं स्वतः, दुसऱ्या बाजूनं दिपालीचा नवरा, असे बडकस चौकाच्या दिशेनं निघाले. साठीच्या माणसाला धाप लागली होती, पण पलंग त्यांनी एकदाही टेकवला नाही. गाडीतल्या डॉक्टरच्या हातात त्यांनी दोन्ही रिकामी पेनं ठेवली. वेळ सांगितली, बारा सतरा आणि बारा बावीस. आणि म्हणाले, "पयली सुई माह्या हातानं वाया गेली साहेब. दुसरी बरोबर बसली आहे, मांडीत."

मी तिथेच उभी होते. ते वाक्य मी ऐकलं, आणि त्यांनी ते आपल्या अंगावर घेतलं हे मला बरं वाटलं. हे लिहिताना आता लाज वाटते, पण तेव्हा बरंच वाटलं होतं.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन, सलाईन सगळं झालं. चारच्या सुमाराला ती खेळायला मागत होती आणि मला वाटलं, आता घरी सोडतील. सोडलं नाही. आणि सहाच्या आत तिच्या अंगावर परत गांधी उठल्या आणि शिट्टी सुरू झाली. नर्स शेजारीच होती, तिसरी सुई लगेच दिली गेली, आणि त्यानंतर परत काही झालं नाही. आम्ही तेव्हा घरी असतो, तर द्यायला पेनच उरलेलं नसतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सोडलं.

पियूष रामटेकहून थेट तिथे आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि साधाच प्रश्न विचारला, पहिलं पेन वाया कसं गेलं, तू तर मला तीनदा परीक्षा द्यायला लावलीस. मी म्हटलं, "काकांनी हातातून घेतलं. मला बोलायला वेळच मिळाला नाही."

एवढंच म्हटलं मी. बाकीचं गल्लीनं केलं. घेतलंचं ओढलं झालं, ओढलंचं हिसकावलं झालं. राईचा पर्वत करायला आमच्या गल्लीला हलवाई लागत नाही. दिपाली तिथे होती, पण ती त्या क्षणी कापूस आणायला कपाटाकडे वळली होती की नाही हे तिलाही नक्की आठवेना, आणि बर्फी तिची होती, त्यामुळे दोष दुसऱ्या कोणाकडे जातोय तर तिनंही जाऊ दिला. महिन्याभरात लोक म्हणायला लागले, काकांचं वय झालं, आता त्यांच्याकडे नको. ज्यांच्या सासऱ्यांना वर्षानुवर्षं इन्शुलिन दिलं ते चौकातल्या नर्सकडे जाऊ लागले. संध्याकाळी काकांचा चहा गरम असतानाच पिऊन व्हायला लागला. दवाखान्यातही त्यांनी सुया देणं सोडलं आणि नंबर लावायच्या टेबलावर बसू लागले, असं नंतर कळलं.

मी काय केलं? मी त्यांच्या घरासमोरून जाताना मोबाईलवर बोलत जायला लागले. कोणी फोनवर नसलं तरी. कधी नजरानजर झालीच तर ते विचारायचे, पोरगी बरी आहे नं वं, आणि मी हो काका म्हणून पुढे सटकायची. दर आठवड्याला ठरवायची की आज जाऊन सांगते. कधी पेपर तपासायचे असायचे, कधी पाहुणे असायचे. वर्ष गेलं, दोन गेली. मग असं वाटायला लागलं की आता जुन्या गोष्टी उकरून काय फायदा. चूक जेवढी जुनी होते तेवढी कबूल करायला जड होते, हे मला माझ्या विद्यार्थ्यांना सांगता आलं असतं. मधल्या काळात हिमानीनं नवी पेनं पाठवली. सरावाचं पेन मात्र घरातून कुठेतरी गेलं. वस्तू जागच्या जागी ठेवत नाही म्हणून मी उन्नतीला खूप बोलले.

ह्या एप्रिलमध्ये ओमप्रकाश काका गेले. हार्ट अटॅक, सकाळी चहा पिताना. सगळं दहा मिनिटांत झालं.

तेरवीला गल्ली जमली होती. जेवणं झाल्यावर मंडळी अंगणात बसली आणि मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं चांगलं चांगलं बोलायला लागली. खिडक्यांची गोष्ट तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितली, तिन्ही वेळा लोक हसले. मग कोणीतरी, वाईट हेतूनं नव्हे, म्हटलं की काय हात होता बुवाचा, जिंदगीत एकच डाव चुकला. आणि चार जणांनी माझ्याकडे पाहिलं, आपुलकीनं, जिच्यावर ती वेळ आली त्या आईकडे पाहावं तसं.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "त्यांनी पेन ओढलं नव्हतं. मी दिलं. त्यांनी मला विचारलंही होतं, कसं लावायचं. मी सांगितलं नाही."

दिपाली आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मला वाटलं होतं की बोलल्यावर छातीवरचं ओझं उतरेल. उतरलं नाही. ज्याला ऐकू जायला हवं होतं, तो भिंतीवर हार घालून बसला होता.

पुष्पलता काकूंनी मला आत बोलावलं. आतल्या खोलीत त्यांनी फळीवरून एक रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली आणि माझ्या हातात दिली. आमचं सरावाचं पेन होतं. काकू म्हणाल्या, उन्नतीनं आणून दिलं होतं, हॉस्पिटलातून आल्यावर महिन्याभरानं. शाळेतून येताना ती इथे थांबायची. ती मास्तरीण आणि हे विद्यार्थी. पॅन्टवरून मांडीत दाबायचं आणि दहा मोजायचे. सुरुवातीला यांचा हात चार-पाचलाच मागे यायचा, छत्तीस वर्षांची सवय. ती रागवायची, परत करा म्हणायची. मग बसला दहापर्यंत. शेवटी शेवटी रोज संध्याकाळी एकटेच बसून मोजायचे, कोणी आलं नाही तरी.

उन्नती दारात उभी होती. तेरा वर्षांची झाली आहे आता. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "काका म्हणाले होते, आईला नको सांगू. तिला वाईट वाटेल."

मी काकूंना म्हटलं, मी आज जे बाहेर बोलले ते मला चार वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं. त्यांनी माझा हात धरला. रागावल्या नव्हत्या, आणि त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"मले माहीत आहे वं," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगतलं होतं त्याईनं. म्हणे, मयुरा भेली होती, तिनं माह्यावर भरोसा टाकला. मी एकच डाव विचारलं, दुसऱ्यांदा विचाराले पाहिजे होतं. मी म्हटलं, मग गल्लीत सांगा नं तसं. तर म्हणे, ते आई आहे, तिच्यावर काहून टाकाचं."

मग त्या म्हणाल्या, "एवढंच म्हणत राहाचे, की मयुरा येईल एक दिवस. माफी-बिफी मागाले नाही. सुई घ्याले. ते सुई घ्याले आली का समजाचं, मिटलं."

मी पेन रुमालात परत गुंडाळलं. त्या चार वर्षांत मला सुया लागल्या होत्या. एक टीटीची आणि पाच बी-ट्वेल्व्हच्या, डॉक्टरनं कोर्स दिला होता. काकांचं दार अकरा पावलांवर होतं. मी सहाही सुया धंतोलीला जाऊन घेतल्या.